८०५१ च्या टायमरचे चार मोड: तुलनेचं उत्तर कसं लिहावं, रिलोड व्हॅल्यू कशी काढावी

मायक्रोकंट्रोलरचे पेपर तपासताना एक उत्तर इतक्या वेळा भेटतं की आता ते लांबूनच ओळखू येतं. प्रश्न असतो: १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, टायमर ०, मोड ०, ५ मिलिसेकंदांचा डिले. विद्यार्थी नीट वजाबाकी करतो, `8192 - 5000 = 3192`. त्याचं हेक्स काढतो, `0C78H`. मग बिनदिक्कत लिहून टाकतो, `TH0 = 0CH`, `TL0 = 78H`. वजाबाकी बरोबर, हेक्स बरोबर आणि उत्तर चूक. हा प्रोग्रॅम किटवर चालवलात तर ५ च्या जागी ७.७८४ मिलिसेकंदांचा डिले मिळतो. हा आकडा कुठून आला ते थोडं पुढे पाहू. मात्र चारही मोडमधला फरक खरंच कळला आहे की तक्ता पाठ केला आहे, हे तपासनिसाला याच एका ओळीवरून समजतं.

"८०५१ च्या टायमर मोडची तुलना करा, रिलोड व्हॅल्यूची उदाहरणे द्या" हा प्रश्न डिप्लोमाला आणि डिग्रीला फिरून फिरून येतो. उत्तर कोणत्या क्रमाने उभं करायचं ते खाली सांगतो. तक्ता सगळ्यात शेवटी काढायचा, आधी नाही.

आधी क्रिस्टल, मग बाकी सगळं

मूळच्या ८०५१ मध्ये एका मशीन सायकलला क्रिस्टलचे १२ ठोके लागतात. टायमर म्हणून वापरताना काउंटर दर मशीन सायकलला एकाने वाढतो. म्हणजे क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झचा असेल तर एक काउंट बरोबर १ मायक्रोसेकंदाचा. क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असेल तर सेकंदाला ९,२१,६०० काउंट होतात आणि एक काउंट साधारण १.०८५ मायक्रोसेकंदांचा पडतो. उत्तराची पहिली ओळ हीच असू द्या. प्रश्नात क्रिस्टल दिलेला नसेल तर "१२ मेगाहर्ट्झ धरला आहे" असं स्पष्ट लिहा. न लिहिता धरलात तर पुढची सगळी गणितं अधांतरी राहतात.

दुसरी गोष्ट अशी की हा काउंटर फक्त वर मोजतो. भरेपर्यंत मोजतो, भरल्यानंतरच्या पुढच्या काउंटला शून्यावर येतो आणि त्याच क्षणी `TF0` किंवा `TF1` हा फ्लॅग १ होतो. आपल्याला ५,००० काउंट हवे असतील तर भरायला नेमके ५,००० उरलेत अशा जागेपासून त्याला सुरू करावं लागतं. वजाबाकी येते ती इथून, आणि सगळ्या मोडसाठी सूत्र एकच:

```
रिलोड = 2^n - (हवा असलेला वेळ / एका काउंटचा वेळ)
```

`n` म्हणजे काउंटरची रुंदी: मोड ० ला १३ बिट, मोड १ ला १६ बिट, मोड २ आणि ३ ला ८ बिट. सूत्र लिहिल्यावर `TMOD` ची आकृती काढा. आठ बिट, वरचे चार टायमर १ चे आणि खालचे चार टायमर ० चे. प्रत्येक चौकडीत डावीकडून `GATE`, `C/T`, `M1`, `M0`. शेवटचे दोन बिट मिळून मोडचा क्रमांक होतो, त्यामुळे वेगळं काही पाठ करायला नको. `GATE` आणि `C/T` शून्य ठेवले की साधा टायमर मिळतो. त्यांच्यावर एकेक वाक्य पुरे. प्रश्न मोडचा आहे, तिथे पान घालवू नका.

मोड १ पासून सुरुवात करा

पुस्तकात मोड ० आधी येतो म्हणून उत्तरातही तो आधी घ्यायला हवा असं कुणी सांगितलेलं नाही. मोड १ सरळ आहे. `TH` आणि `TL` मिळून पूर्ण १६ बिट. तो आधी सोडवला की मोड ० चं वेगळेपण आपोआप उठून दिसतं.

५० मिलिसेकंदांचा डिले घेऊ. १२ मेगाहर्ट्झवर काउंट लागतात ५०,०००.

```
65536 - 50000 = 15536
15536 / 256   = 60, बाकी 176
60  = 3CH  -> TH0
176 = B0H  -> TL0
```

मोठ्या संख्येचं थेट हेक्स काढत बसण्यापेक्षा आधी २५६ ने भागावं. भागाकार `TH` मध्ये, बाकी `TL` मध्ये. परीक्षेच्या घाईत हे जास्त सुरक्षित आहे, कारण मग दोनच छोट्या संख्यांचं हेक्स काढायचं उरतं.

हाच डिले ११.०५९२ वर काढला तर काउंट येतात ४६,०८०. ६५,५३६ मधून वजा केल्यावर उरतात १९,४५६, म्हणजे `4C00H`. दोन्ही क्रिस्टलची उत्तरं शेजारीशेजारी लिहिलीत तर पहिल्या ओळीत क्रिस्टल का लिहिला होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रोग्रॅम एवढाच:

```
        MOV  TMOD,#01H
AGAIN:  MOV  TL0,#0B0H
        MOV  TH0,#3CH
        SETB TR0
WAIT:   JNB  TF0,WAIT
        CLR  TR0
        CLR  TF0
        CPL  P1.0
        SJMP AGAIN
```

आता या मोडची खरी मर्यादा पाहा. ती बहुतेक उत्तरांत नसतेच. ओव्हरफ्लो झाला की काउंटर शून्यापासून पुढे मोजू लागतो, `3CB0H` ची त्याला काही आठवण नसते. ती व्हॅल्यू दर वेळी प्रोग्रॅमने पुन्हा भरायची. म्हणूनच `AGAIN` हे लेबल `SETB TR0` वर न ठेवता `MOV TL0` वर ठेवलं आहे. ते चुकून खाली सरकलं तर पहिला डिले ५० मिलिसेकंदांचा आणि पुढचे सगळे ६५.५ च्या आसपास पडतात. एलईडी लुकलुकत राहतो, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही, पण स्कोपवर लगेच पकडली जाते.

शिवाय हे भरणं फुकट होत नाही. वरच्या लूपमध्ये `CLR`, `CLR`, `CPL` आणि `SETB` यांना प्रत्येकी एक सायकल, `SJMP` आणि दोन `MOV` यांना प्रत्येकी दोन. झाल्या दहा. `JNB` मधून बाहेर पडताना साधारण आणखी दोन जातात. म्हणजे दर ५० मिलिसेकंदांमागे जवळपास १२ मायक्रोसेकंद जादा. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण याच डिलेचे वीस मोजून कुणी एक सेकंद केला आणि त्यावर घड्याळ चालवलं तर सेकंदाला २४० मायक्रोसेकंद साचतात आणि घड्याळ दिवसाकाठी वीस सेकंद मागे पडतं. उपायही सोपा आहे: रिलोडमध्ये तेवढे बारा मिळवायचे, `3CB0H` च्या जागी `3CBCH`. पेपरात ही दुरुस्ती कुणी मागत नाही, पण "मोड १ मध्ये सॉफ्टवेअरने रिलोड करावं लागतं, त्यामुळे प्रत्येक वेळी काही सायकली वाढतात" हे एक वाक्य अवश्य लिहा. मोड २ कशासाठी आहे हे त्याशिवाय समजत नाही.

मोड ०: तेरा बिट कुठे बसतात

आता सुरुवातीच्या चुकीकडे येऊ. मोड ० मध्ये काउंटर १३ बिटांचा असतो, पण ते तेरा बिट आपल्याला वाटतात तसे बसत नाहीत. वरचे आठ बिट `TH` मध्ये आणि खालचे फक्त पाच `TL` मध्ये. `TL` चे वरचे तीन बिट मोजणीत नसतात.

या विचित्र मांडणीला कारण आहे. इंटेलने १९८० मध्ये ८०५१ आणला, त्याआधी त्यांचा ८०४८ बाजारात होता. त्याच्यात आठ बिटांचा टायमर होता आणि त्याच्यापुढे ३२ ने भागणारा प्रीस्केलर. मोड ० मध्ये `TL` चे पाच बिट तेच ३२ ने भागायचं काम करतात आणि `TH` तो आठ बिटांचा टायमर होतो. जुनी सवय असलेल्यांना नव्या चिपवर जुळवून घ्यायला सोपं जावं म्हणून ही सोय. नव्या डिझाइनमध्ये मोड ० मुद्दाम कुणी घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पेपरात मात्र तो हमखास असतो.

म्हणून इथे २५६ ने भागायचं नाही, ३२ ने भागायचं.

```
8192 - 5000 = 3192
3192 / 32   = 99, बाकी 24
99 = 63H  -> TH0
24 = 18H  -> TL0
```

खात्री करायची तर ३१९२ बायनरीत तेरा बिटांत मांडा आणि उजवीकडून पाच बिट सोडून रेघ मारा: `01100011 | 11000`. डावीकडे `63H`, उजवीकडे `18H`. उत्तरपत्रिकेत ही रेघ खरोखर काढा. हजार शब्दांच्या स्पष्टीकरणापेक्षा ती एक रेघ तपासणाऱ्याला जास्त सांगते.

आणि ते ७.७८४? `TL0` मध्ये `78H` भरलं, म्हणजे `01111000`. वरचे तीन बिट सोडले की उरतात `11000`, म्हणजे २४. `TH0` मध्ये `0CH`, म्हणजे १२. काउंटरच्या लेखी सुरुवात झाली `12 × 32 + 24 = 408` पासून. ८१९२ मधून ४०८ गेले की ७७८४ काउंट. गंमत अशी की `TL0` चे कामाचे पाच बिट या चुकीतही बरोबरच आले, घोळ सगळा `TH0` मध्ये झाला. २५६ ने भागण्याची सवय हात सोडत नाही, ती अशी नडते.

मोड २: रिलोड चिप स्वतः करते

इथे मोजणी फक्त `TL` मध्ये होते, आठ बिटांत. `TH` मध्ये रिलोड व्हॅल्यू जपून ठेवलेली असते. `TL` ओव्हरफ्लो झाला की `TH` मधली व्हॅल्यू हार्डवेअरच `TL` मध्ये उतरवतं. टायमर थांबत नाही, प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. मोड १ मध्ये ज्या बारा सायकली साचत होत्या त्या इथे साचत नाहीत. बदल्यात रुंदी जाते: १२ मेगाहर्ट्झवर एका फेरीत जास्तीत जास्त २५६ मायक्रोसेकंद.

२ किलोहर्ट्झची चौरस लहर हे यासाठी छान उदाहरण. पूर्ण लहर ५०० मायक्रोसेकंदांची, अर्धी २५० ची. `256 - 250 = 6`, म्हणून `TH0 = 06H`.

```
        MOV  TMOD,#02H
        MOV  TH0,#06H
        MOV  TL0,#06H
        SETB TR0
WAIT:   JNB  TF0,WAIT
        CLR  TF0
        CPL  P1.0
        SJMP WAIT
```

मोड १ च्या प्रोग्रॅमशी ताडून पाहा. लूपमध्ये व्हॅल्यू भरणं नाही, `CLR TR0` नाही, `SJMP` थेट `WAIT` वर जातो. `CLR TF0` मात्र राहिलंच पाहिजे. फ्लॅग आपोआप उतरतो तो इंटरप्ट घेतला तरच. `JNB` ने वाट पाहत असाल तर तो तुम्हालाच उतरवावा लागतो. सुरुवातीला `TL0` भरायचं विसरलात तर फक्त पहिली अर्धी लहर चुकते, पुढे सगळं सुरळीत. त्यामुळे ही चूक स्कोपवरही सहज सापडत नाही.

या मोडचं दुसरं उदाहरण बॉड रेटचं. तुलनेच्या प्रश्नात ते हवंच, कारण टायमर १ बहुतेक सर्किटमध्ये याच कामाला जुंपलेला असतो. ९६०० बॉड, ११.०५९२ मेगाहर्ट्झ, `SMOD` शून्य:

```
TH1 = 256 - 11059200 / (12 × 32 × 9600)
    = 256 - 3 = 253 = FDH
```

भागाकार पूर्ण ३ आला, अपूर्णांक उरला नाही. असा वेडावाकडा दिसणारा क्रिस्टल लोक विकत घेतात तो एवढ्यासाठी. १२ मेगाहर्ट्झ घालून पाहा. भागाकार ३.२५५ येतो, पण रजिस्टरमध्ये ३ च भरता येतात, आणि प्रत्यक्ष बॉड पडतो १०,४१७ च्या आसपास. चूक साडेआठ टक्क्यांची. सिरियलच्या एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून दहा बिट. स्टॉप बिटच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिट होतात, तोवर ही चूक साचून एका बिटच्या आठ दशांश होते. घेणारा भलत्याच बिटवर नजर ठेवून असतो आणि टर्मिनलवर कचरा उमटतो. गंमत म्हणजे २४०० बॉडला हाच १२ मेगाहर्ट्झ चालून जातो: भागाकार १३.०२, `TH1 = F3H`, चूक ०.१६ टक्के.

मोड ३: एका टायमरचे दोन

मोड ३ टायमर ० साठीच आहे. `TL0` आणि `TH0` वेगळे होऊन आठ-आठ बिटांचे दोन स्वतंत्र टायमर बनतात. `TL0` कडे टायमर ० चं सगळं सामान राहतं: `TR0`, `TF0`, `GATE`, `C/T`. `TH0` च्या वाट्याला स्वतःचं काहीच नसतं, म्हणून तो टायमर १ चे `TR1` आणि `TF1` उसने घेतो. तो फक्त मशीन सायकली मोजू शकतो, बाहेरच्या पिनवरचे पल्स नाही.

उदाहरण म्हणून १२ मेगाहर्ट्झवर एकाकडून १०० आणि दुसऱ्याकडून २०० मायक्रोसेकंद घ्या. `256 - 100 = 156`, म्हणून `TL0 = 9CH`. `256 - 200 = 56`, म्हणून `TH0 = 38H`. आठ बिट दिसले की मोड २ आठवून "आपोआप रिलोड होतो" असं लिहिण्याचा मोह होतो. तसं होत नाही. `TH0` स्वतःच मोजण्यात गुंतलेला आहे, व्हॅल्यू जपून ठेवायला जागाच उरलेली नाही. रिलोड इथेही प्रोग्रॅमने करायचा.

मग टायमर १ चं काय होतं? त्याचा फ्लॅग गेला, त्याला सुरू-बंद करणारा बिट गेला. तरी तो मोड २ मध्ये चालू राहून बॉड रेट देऊ शकतो, कारण सिरियल पोर्टला ओव्हरफ्लो पुरतो, फ्लॅग लागत नाही. `TMOD` मध्ये `23H` भरलं की नेमकं हेच होतं: एकूण तीन कामं, दोन टायमरांत. तोंडी परीक्षेला यावर ठरलेला प्रश्न असतो: "`TR1` तर `TH0` ने नेला, आता टायमर १ थांबवणार कसा?" उत्तर: त्यालाच मोड ३ मध्ये टाकायचं. टायमर १ मोड ३ मध्ये गेला की जिथे असेल तिथे गोठतो.

आता तक्ता

इतकं लिहून झाल्यावर तक्ता दोन मिनिटांत होतो, आणि त्यातली प्रत्येक ओळ वरच्या गणितातून आलेली असते. वेळा १२ मेगाहर्ट्झच्या आहेत.

| मोड | रुंदी | जास्तीत जास्त वेळ | रिलोड कोण करतं | उदाहरण |
|---|---|---|---|---|
| ० | १३ बिट | ८.१९२ मिलिसेकंद | प्रोग्रॅम | ५ मिलिसेकंद: `63H`, `18H` |
| १ | १६ बिट | ६५.५३६ मिलिसेकंद | प्रोग्रॅम | ५० मिलिसेकंद: `3CH`, `B0H` |
| २ | ८ बिट | २५६ मायक्रोसेकंद | हार्डवेअर | २५० मायक्रोसेकंद: `06H` |
| ३ | ८ बिट, दोन | २५६ मायक्रोसेकंद | प्रोग्रॅम | १०० आणि २००: `9CH`, `38H` |

जास्तीत जास्त वेळ हवा असेल तर रिलोड व्हॅल्यू शून्य भरायची, `FFFFH` नाही. `FFFFH` भरलं तर एकाच काउंटमध्ये ओव्हरफ्लो होतो. हे उलटं लिहिणारे दर वर्षी असतात.

प्रॅक्टिकलला हेच किटवर चढवताना

कागदावर बरोबर असलेलं किटवर बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं: `MOV TH1,#FDH` लिहिलं की असेम्बलर `FDH` हे एखादं नाव समजतो आणि असं चिन्ह माहीत नाही म्हणून एरर देतो. हेक्स संख्या अक्षराने सुरू होत असेल तर पुढे शून्य हवं, `#0FDH`. दुसरं: `TCON` सारखं `TMOD` चा एकेक बिट `SETB` ने बदलता येत नाही, कारण `TMOD` चा पत्ता `89H` आहे आणि बिटनिहाय हात लावता येतो तो आठने भाग जाणाऱ्या पत्त्यांनाच. `TCON` चा `88H` त्यात बसतो.

तिसरं जास्त छळतं. सिरियलचा प्रोग्रॅम नीट चालत असतो, `TMOD` मध्ये `20H`. मग कुणीतरी मोड १ चं डिले सबरूटीन आणून जोडतं आणि त्याच्या पहिल्याच ओळीत `MOV TMOD,#01H` असतं. डिले एकदा चालला की टायमर १ चा मोड पुसला जाऊन मोड ० होतो, बॉड रेट कोसळतो. लक्षण अगदी ठरलेलं: पहिला संदेश टर्मिनलवर स्वच्छ येतो, पहिल्या डिलेनंतरचं सगळं अगम्य. मुलं केबल बदलतात, मग चिप बदलतात. बदलायची असते ती एकच ओळ, तिच्या जागी दोन:

```
        ANL  TMOD,#0F0H
        ORL  TMOD,#01H
```

पहिली ओळ टायमर ० चे चार बिट साफ करते आणि टायमर १ च्या चार बिटांना धक्का लावत नाही. दुसरी ओळ टायमर ० ला मोड १ मध्ये टाकते. `TMOD` मध्ये आता `21H` आहे.